मधल्या सुट्टीतील चित्रपट मंडळ: पहिली सूचना कशी तयार करावी

माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या आणि आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत मुलांना लघुपट दाखवू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी हे लेखन आहे. त्यातही भर एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे मंडळाची पहिली सूचना. ही सूचना बहुतेक शाळांत फलकावर लागते खरी, पण मुलांपर्यंत ती पोहोचते कानांवाटे. शिपाई सूचना वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, त्या तासाला असलेले शिक्षक शिकवणे थांबवून ती वाचतात, सही करतात आणि पुन्हा धड्याकडे वळतात. या सगळ्याला जेमतेम मिनिटभर वेळ मिळतो. तेवढ्या वेळात मुलाला दिवस, जागा आणि आपण तिथे नेमके काय करणार आहोत हे कळले, तरच ते त्या दिवशी येईल. सूचनेतील तीन विषयांची नावे त्यामुळे फार विचारपूर्वक निवडावी लागतात, आणि ती निवड कागदावर नव्हे तर घड्याळावर सुरू होते.

पहिली पायरी: मिनिटांचा हिशेब

दुपारच्या अधिवेशनातील एक शाळा उदाहरणादाखल घेऊ. तिची मधली सुट्टी २:०० ते २:३५ आहे असे धरू. या ३५ मिनिटांत पहिली १२ मिनिटे डब्याची. डबा खाताखाता चित्रपट पाहू द्यावा असा मोह होतो, परंतु तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंधारलेल्या खोलीत भाजी सांडते, डब्यांच्या झाकणांचा आवाज होतो, आणि मुख्य म्हणजे जो लघुपट संवादांशिवाय चालतो त्यात खाली पाहिलेल्या क्षणी गोष्टीचा दुवा सुटतो. डबा वर्गात किंवा व्हरांड्यात संपवून, हात धुऊन २:१२ पर्यंत मुले खोलीत बसली, तर २:२७ पर्यंत १५ मिनिटे पडद्यासाठी मिळतात आणि उरलेल्या वेळात सहा मिनिटे बोलणे व दोन मिनिटे वर्गात परतणे बसते. म्हणजे या शाळेसाठी लघुपटाची कमाल लांबी १५ मिनिटे ठरली. याहून लांब काहीही निवडल्यास चर्चा बुडते, आणि चर्चा बुडाली की ते मंडळ राहत नाही, केवळ पडदा उरतो.

आठवीपर्यंतच्या मुलांना शालेय पोषण आहार असतो, ही गोष्ट वेळापत्रक आखताना अनेकांच्या नजरेतून सुटते. आठवीची मुले रांगेत उभी राहून ताट घेतात, ताट धुतात, आणि मग मोकळी होतात. त्यांना बोलवायचे असेल तर पोषण आहाराचे काम पाहणाऱ्या शिक्षकांशी आधी बोलून, त्या एका दिवशी मंडळातील मुलांना रांगेत पुढे घेण्याची विनंती करावी. ते शक्य नसेल तर पहिल्या सत्रात मंडळ फक्त नववीसाठी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते. आठवीला बोलावून दर वेळी निम्मा चित्रपट झाल्यावर आत घेणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

दिवस निवडताना शनिवार वगळावा, कारण त्या दिवशी बहुतेक शाळा अर्धा दिवस असतात. अनेक गावांत आणि उपनगरांत देखभाल-दुरुस्तीसाठी आठवड्यातील एखाद्या ठरावीक दिवशी वीज बंद ठेवली जाते, तो दिवसही विचारून घ्यावा. आपल्या उदाहरणातील शाळेत बुधवार सोयीचा निघाला, असे समजू.

दुसरी पायरी: तीन विषय

नवे शिक्षक विषय म्हणून सहसा ‘पर्यावरण’, ‘देशप्रेम’, ‘स्वच्छता’ अशी नावे देतात. ही नावे ऐकताच मुलाला वाटते की मधल्या सुट्टीत आणखी एक तास भरणार आहे, आणि त्याचे ते वाटणे बरोबरच असते. अशा नावात डोळ्यांनी किंवा कानांनी करायचे काहीच नसते. बोध काय निघणार हे आधीच ठरलेले असते. चित्रपट मंडळाचा विषय पाहण्याच्या कृतीतून निघावा. मुलाने काय शोधायचे, कशाकडे कान द्यायचे, हे नावातच असावे. असा विषय निवडला की लघुपट शोधणेही सोपे होते, कारण ‘पर्यावरणावरील चांगला लघुपट कोणता’ या प्रश्नाला शेकडो उत्तरे असतात. ‘एकही शब्द न बोलता भांडण कसे दाखवता येते’ या प्रश्नाला मात्र मोजकीच.

पहिला विषय मी ‘शब्दांवाचून गोष्ट’ असा ठेवीन. त्यासाठी सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘टू’ हा लघुपट घ्यावा. अमेरिकी दूरचित्रवाणीसाठीच्या एका मालिकेकरिता राय यांच्याकडे इंग्रजी लघुपटाची मागणी आली होती; बंगाली मुलांच्या तोंडी इंग्रजी घालण्याऐवजी त्यांनी संवादच काढून टाकले. बंगल्यातील एक श्रीमंत मुलगा आणि खिडकीबाहेर झोपडीपाशी उभा असलेला एक गरीब मुलगा, अशी दोनच पात्रे आहेत. खालचा मुलगा बासरी वाजवतो, वरचा आपला खेळण्यातील कर्णा आणतो. मग ढोल, मुखवटे, शस्त्रे अशी चढाओढ लागते. खालच्या मुलाचा पतंग आकाशात जातो आणि वरचा मुलगा तो छऱ्याच्या बंदुकीने पाडतो. शेवटी खोलीत यंत्रमानवासकट सगळी खेळणी चालू असतानाही बाहेरून बासरी ऐकू येते. नववीतील मुलाला हे सारे एका पाहण्यात समजते, म्हणून पहिल्या भेटीसाठी हा लघुपट उत्तम. कोणालाही भाषा अडत नाही. घरी मराठी न बोलणारी मुलेही पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने बोलू लागतात.

दुसरा विषय ‘काम करणारे हात’. यासाठी डच दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांचा १९५८ सालचा ‘ग्लास’ हा सुमारे ११ मिनिटांचा माहितीपट सुचवतो. त्याला ऑस्कर मिळाले होते, पण सूचनेत ते लिहू नये. पुरस्काराचे नाव ऐकून आलेले मूल पुरस्कारच शोधत बसते. माहितीपटाच्या पहिल्या भागात काच फुंकणारे कारागीर दिसतात, त्यांचे फुगलेले गाल, नळी फिरवणारी बोटे, आणि पार्श्वभूमीला संथ जाझ संगीत. नंतर यंत्र येते, बाटल्या एकामागून एक सरकू लागतात, संगीताची चाल बदलते, आणि एका फुटक्या बाटलीमुळे सगळी रांग कोलमडू लागते. तेव्हा ती सावरायला पुन्हा माणसाचा हात लागतो. यात माहिती सांगणारा निवेदक नाही. मुलांना हे नवे असते, कारण माहितीपट म्हणजे मागून बोलणारा गंभीर आवाज, अशी त्यांची समजूत असते. या विषयाला आपल्या गावाशी जोडण्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. ज्यांच्या घरी कुंभारकाम, शिवणकाम, बांधकाम किंवा गॅरेजचे काम चालते ती मुले आपोआप त्याबद्दल बोलतात.

तिसरा विषय ‘ही किमया कशी केली?’ येथे दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ घ्यावा. चित्रपट १५ मिनिटांत बसणारा नाही, म्हणून त्यातील दोन तुकडे निवडावेत. सुरुवातीला फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी थेट कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते, हा पहिला तुकडा. कृष्ण नदीत उतरतो आणि कालियाशी झुंजतो, हा दुसरा. मुलांना एकच प्रश्न द्यावा: पाण्याखालची झुंज दिसते तेव्हा कॅमेरा पाण्यात होता का, आणि नसेल तर हे कसे दाखवले असेल? शंभर वर्षांहून जुन्या चित्रपटातील हालचाल कधी कधी अनैसर्गिक वेगाने दिसते, कारण त्या काळी चित्रण आजच्यापेक्षा कमी वेगाने होत असे आणि आजची यंत्रे ते बऱ्याचदा अधिक वेगाने चालवतात. हे आधी सांगितले नाही, तर मुले पहिली दोन मिनिटे फक्त हसण्यात घालवतात. पहिला चित्रपट काढण्याआधी फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून रोप वाढतानाचे थोडे थोडे चित्रण करून ते सलग दाखवले होते आणि ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला होता, ही हकीकतही त्या दिवशी सांगण्यासारखी आहे.

हे तीन विषय याच क्रमाने का, असे विचारले जाईल. पहिल्यात गोष्ट आहे, दुसऱ्यात गोष्ट नाही पण लय आहे, तिसऱ्यात युक्ती आहे. फाळके पहिल्या दिवशी ठेवले तर जुनेपणाचीच चर्चा होते. दोन आठवडे पाहण्याची सवय लागल्यावर मुले जुनेपणा ओलांडून युक्तीकडे पोहोचतात.

तिसरी पायरी: परवानगी आणि प्रत

मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा आणि त्यात तीनही लघुपटांची नावे, लांबी व खोली लिहावी. ‘शैक्षणिक चित्रपट दाखवण्याची परवानगी मिळावी’ एवढ्यावर थांबू नये, कारण पुढे एखाद्या पालकाने चौकशी केली तर मुख्याध्यापकांच्या हाती नेमके उत्तर असायला हवे. प्रत्येक लघुपट स्वतः शेवटच्या पाटीपर्यंत पाहून घ्यावा. पुढे कधी चित्रपटगृहात लागलेला चित्रपट निवडला तर प्रमाणपत्र पाहावे. २०२४ पासून ‘यूए’ या वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशा तीन पायऱ्या झाल्या आहेत, आणि आठवी-नववीच्या मुलांसाठी १६ वर्षांवरील पायरी चालत नाही.

स्वामित्वहक्काच्या बाबतीत १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ शाळांना मोकळीक देते. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक म्हणून फक्त त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती असतील, तर चित्रपट दाखवणे हा भंग मानला जात नाही. या मोकळिकीची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. गावातील सर्वांना बोलावणे, तिकीट लावणे, किंवा चित्रपटाची फाइल मुलांच्या गटात पाठवणे यात बसत नाही. मासिक वर्गणी भरून चालणाऱ्या मंचांच्या अटी सहसा घरगुती वापरापुरत्या असतात, म्हणून आपले वैयक्तिक खाते शाळेत उघडण्यापेक्षा संग्रहालयांनी, निर्मिती संस्थांनी किंवा वितरकांनी अधिकृतपणे उपलब्ध केलेली प्रत शोधावी.

प्रत मिळाली की ती शाळेच्या त्याच पडद्यावर, त्याच खोलीत, दुपारी दोन वाजताच्या उजेडात चालवून पाहावी. घरच्या संगणकावर व्यवस्थित दिसणारा लघुपट प्रक्षेपकावर दुपारच्या उन्हात धुरकट होतो, आणि ‘टू’ किंवा ‘कालिया मर्दन’सारख्या कृष्णधवल चित्रपटात चेहरेच दिसेनासे होतात. खिडक्यांना जाड कापड लावता येत नसेल तर प्रक्षेपकाचा आग्रह सोडून मोठा टीव्ही वापरावा आणि मुलांची संख्या ३० वर थांबवावी. नेटवर अवलंबून राहू नये. एकाच चित्रपटाच्या प्रतींची लांबीही कमी-अधिक आढळते, म्हणून आपल्या हाती असलेली प्रत घड्याळ लावून मोजावी. पुस्तकात दिलेल्या मिनिटांवर विसंबू नये.

चौथी पायरी: सूचनेचा मसुदा

सवयीने लिहिलेला पहिला मसुदा बहुधा असा असतो:

> सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपल्या शाळेत माझ्या मार्गदर्शनाखाली चित्रपट मंडळ सुरू करण्यात येत असून त्याअंतर्गत विविध सामाजिक व शैक्षणिक विषयांवरील दर्जेदार चित्रपट दाखविण्यात येणार आहेत. तरी इच्छुक विद्यार्थ्यांनी माझ्याकडे नावे द्यावीत. सदर उपक्रमाचा जास्तीत जास्त विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा.

यातील पहिली अडचण ‘माझ्या’ आणि ‘माझ्याकडे’ या शब्दांत आहे. सूचना दुसरे शिक्षक वाचतात; त्यांच्या तोंडून ‘माझ्याकडे नावे द्यावीत’ ऐकल्यावर मुले त्यांच्याचकडे जातात. दुसरी अडचण ‘सर्व विद्यार्थ्यांना’ ही: खोलीत ३० जणांची जागा असताना सर्वांना बोलावले की पहिल्याच दिवशी दारातून मुलांना परत पाठवावे लागते, आणि परत गेलेले मूल पुन्हा येत नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी. दिवस, वेळ, डब्याचे काय, आणि पाहायचे काय, यांपैकी एकही गोष्ट या मसुद्यात नाही.

आता आपल्या उदाहरणातील शाळेसाठी नीट केलेला मसुदा पाहावा:

> इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी. येत्या ९ जुलैपासून दर बुधवारी मधल्या सुट्टीत चित्रकला कक्षात चित्रपट मंडळ भरेल. डबा वर्गातच खाऊन, हात धुऊन, दोन वाजून बारा मिनिटांपर्यंत कक्षात यावे. पंधरा मिनिटांचा लघुपट आणि त्यावर थोड्या गप्पा होतील. सुट्टी संपण्याची घंटा होण्याआधी सर्वजण वर्गात परततील.
> ९ जुलै: शब्दांवाचून गोष्ट. दोन मुले एकही शब्द न बोलता भांडतात. भांडण कशावरून सुरू होते ते शोधा.
> १६ जुलै: काम करणारे हात. कारागीर आणि यंत्र एकच वस्तू बनवतात. संगीत कुठे बदलते ते ऐका.
> २३ जुलै: ही किमया कशी केली? शंभर वर्षांपूर्वीची पाण्याखालची झुंज. कॅमेरा कुठे होता ते ओळखा.
> तीस जणांची जागा आहे. सोमवारपर्यंत आपल्या वर्गशिक्षकांकडील यादीत नाव लिहावे. वही-पेन आणू नये. गुण नाहीत, निबंध नाही.

या मसुद्यात चित्रपटांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. नाव दिले की काही मुले घरी फोनवर आधीच पाहून येतात आणि शेवट सांगून मोकळी होतात. नावे मुख्याध्यापकांच्या अर्जात आहेत, तेवढे पुरे. वेळ अक्षरांत लिहिली आहे, कारण ‘२:१२’ असा आकडा घाईत वाचताना वाचणारा अडखळतो. ‘गुण नाहीत, निबंध नाही’ हे वाक्य काढून टाकण्याचा सल्ला सहकारी देतील. ते राहू द्यावे. शाळेत काहीही दाखवले की पाठोपाठ दहा ओळी लिहायला सांगतात, हे मुलांना पक्के ठाऊक असते, आणि पुष्कळ मुले केवळ त्या भीतीने नाव देत नाहीत.

वहीत उतरवण्याआधी मसुदा एखाद्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला द्यावा. वाचायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागत असेल, तर तीन विषयांपुढील वाक्ये फक्त फलकावरील प्रतीत ठेवून वहीत नुसती विषयांची नावे ठेवावीत. वाचून झाल्यावर त्या सहकाऱ्याला कागद न पाहता दिवस, खोली आणि पहिला विषय विचारावा. तिन्ही सांगता आले तर सूचना तयार आहे. खोली आठवली पण विषय आठवला नाही, तर विषयाचे नाव बदलावे. अशा वेळी मुलांना दोष देण्यात अर्थ नसतो.

पाचवी पायरी: पहिला बुधवार

लघुपट आधीच सुरुवातीच्या क्षणावर आणून थांबवलेला असावा. बोलण्यासाठी सहाच मिनिटे असल्यामुळे पहिला प्रश्न काय असावा हे लिहून ठेवावे. ‘यातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न विचारू नये. आपल्या मुलांना तात्पर्य सांगण्याची इतकी सवय असते की तो प्रश्न येताच ‘गरीब-श्रीमंत भेद करू नये’ असे उत्तर येते, सगळे माना डोलावतात आणि चर्चा संपते. त्याऐवजी ‘वरचा मुलगा पहिल्यांदा खिडकीशी का गेला?’ असे विचारावे. उत्तर लघुपटातच आहे, आणि दोन मुलांचे ऐकणे-पाहणे वेगळे निघाले की ती एकमेकांशी बोलू लागतात. मतभेद झाला तर तेवढाच अर्धा मिनिटाचा तुकडा पुन्हा दाखवावा. पुन्हा पाहिल्यावर एखादे मूल ‘सर, मी आधी हे पाहिलेच नव्हते’ असे म्हणते, तेव्हा मंडळ मार्गी लागले असे समजायला हरकत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत एक-दोन बोलकी मुलेच बोलतात. त्यांना अडवू नये. त्याऐवजी शांत मुलांना ‘तुला कुठला आवाज आठवतो?’ असा एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा. दुसऱ्या विषयात संगीत आणि यंत्रांचे आवाज असल्यामुळे ही युक्ती त्या दिवशी विशेष उपयोगी पडते.

हजेरीच्या यादीत नावापुढे खूण करताना मूल कितव्या मिनिटाला आले हेही लिहावे. मुले कमी होत असतील तर कारण बहुधा त्या नोंदीतच सापडते. ठरावीक एकाच तुकडीची मुले उशिरा येत असतील, तर त्या तुकडीचा सुट्टीआधीचा तास लांबतो आहे, आणि संबंधित शिक्षकांशी बोलून ते सुटते. सगळीच मुले वेळेवर येऊनही दुसऱ्या आठवड्यात निम्मी राहिली, तर पहिल्या दिवशी सुट्टी संपण्याची घंटा ओलांडली गेली होती का हे आठवावे. वर्गात उशिरा पोहोचल्याबद्दल बोलणी खाल्लेले मूल सहसा काही न सांगता येणे थांबवते. घटक चाचणीच्या आठवड्यात मंडळ बंद ठेवून तसे आधीच जाहीर करावे.

तिसऱ्या बुधवारी शेवटची दोन मिनिटे पुढच्या विषयासाठी राखून ठेवावीत आणि मुलांना विचारावे की आता कशाकडे पाहायचे. ‘भीती कशी दाखवतात’, ‘जनावरांचा अभिनय’, ‘चेहरा न दाखवता माणूस’ अशी नावे मुलांकडून येतात. त्यांतील जे नाव १५ मिनिटांच्या एखाद्या लघुपटावर बसवता येईल ते निवडून, मुलाचेच शब्द ठेवून, पुढची सूचना वहीत लिहावी.